सुरक्षित पैसा : पोस्टात ठेवावा की डेट फंडात?

(न्हावरे येथे बचत गटांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. भाषणानंतर मैत्रिणींनी विचारलेले काही प्रश्नही शेवटी दिले आहेत.)



आज मला एकाच गोष्टीवर बोलायला सांगितलंय. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पोस्टात किंवा बँकेत ‘महिला सन्मान बचत पत्र’ काढलं होतं. ती योजना १ एप्रिल २०२३ ला सुरू झाली आणि ३१ मार्च २०२५ ला बंद झाली. दर साडेसात टक्के, मुदत दोन वर्षं, जास्तीत जास्त दोन लाख रुपये. ज्यांनी पूर्ण दोन लाख टाकले त्यांच्या हातात मुदत संपल्यावर २,३२,०४४ रुपये येतात. शेवटी शेवटी काढलेली पत्रं मार्च २०२७ पर्यंत सुटत राहतील. आता नवीन पत्र काढता येत नाही. म्हणून प्रश्न असा, की हे सुटलेले पैसे पुढं कुठं ठेवायचे?

पोस्टातले लोक म्हणतात एनएससी काढा. शिरूरचा किंवा दौंडचा एखादा एजंट म्हणतो, “ताई, डेट फंडात टाका. शेअर बाजाराशी संबंध नाही, मुदत ठेवीसारखंच आहे आणि पाहिजे तेव्हा काढता येतं.” दोघंही खोटं बोलत नाहीत. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. त्या कुठं वेगळ्या आहेत ते आज नीट पाहू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी तुमच्या सगळ्या पैशाबद्दल बोलत नाही. कुणी दहा-पंधरा वर्षांसाठी शेअरच्या फंडात एसआयपी करत असेल, कुणी शेळ्या घेणार असेल, तो पैसा वेगळा. मी बोलते आहे ते त्या पैशाबद्दल, जो ठरलेल्या कामासाठी बाजूला ठेवलाय आणि कमी होऊन चालणार नाही. लेकीची फी, म्हातारपणाचा आधार, घराचा स्लॅब. लांबच्या नियोजनातला हा ‘हात न लावायचा’ भाग.

डेट फंड म्हणजे नेमकं काय

एनएससी काढली की तुम्ही थेट भारत सरकारला पैसे उसने देता. दर काढतानाच ठरतो आणि पाच वर्षं तोच राहतो. २०२५ सालभर एनएससीचा दर ७.७ टक्के होता. एक लाख टाकले तर पाच वर्षांनी १,४४,९०३ रुपये मिळतात. पैसे भरतानाच हा आकडा तुम्हाला सांगता येतो. मधे सरकारनं दर कमी केला तरी तुमच्या जुन्या एनएससीला धक्का लागत नाही.

डेट फंडातही पैसे उसनेच दिले जातात. फरक एवढाच, की तुमच्यासारख्या हजारो जणींचे पैसे गोळा करून फंडवाले ते सरकारला, बँकांना, कंपन्यांना देतात आणि त्यांच्याकडून कर्जरोखे घेतात. रोखा म्हणजे ‘इतके पैसे घेतले, इतकं व्याज देऊ, अमुक तारखेला परत करू’ असा कागद. हे रोखे बाजारात रोज विकले-घेतले जातात. त्यामुळं त्यांची किंमत रोज बदलते आणि तुमच्या फंडाची किंमतही रोज बदलते. फंडात तुम्हाला कुणी दर ठरवून देत नाही. जे मिळेल ते मिळेल.

किंमत का बदलते, हे आपल्या शेतीतल्या उदाहरणानं समजेल. समजा तुम्ही जमीन दहा वर्षांसाठी खंडानं दिली आणि करार केला वर्षाला सात हजारांचा. पुढच्याच वर्षी शेजारच्या तशाच रानाला आठ हजार खंड मिळायला लागला. आता तुमचा करार कुणी विकत घ्यायला आला तर तो पूर्ण किंमत देईल का? नाही देणार. तो म्हणेल, मला दरवर्षी हजार रुपये कमी मिळणार, तेवढे आधीच वजा करा. करार जितक्या जास्त वर्षांचा, तितकी वजावट मोठी.

रोख्यांचं अगदी तसंच आहे. सात टक्के व्याजाचा १०० रुपयांचा रोखा आहे आणि बाजारातला दर आठ टक्के झाला, तर एक वर्ष उरलेला रोखा ९९ रुपयांना जातो. दहा वर्षं उरलेला रोखा मात्र ९३ रुपयांच्या आसपास येतो. उलट दर खाली आले तर हेच रोखे महाग होतात आणि फंड वर जातो.

हे आपल्याकडं नुकतंच दोन्ही बाजूंनी घडलंय. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं आपला रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. तेव्हा लांब मुदतीचे रोखे असलेल्या फंडांना झळ बसली. पुढं २०२५ मध्ये तोच दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला. दर खाली येतात तेव्हा जुने रोखे महाग होतात, आणि अशा वर्षातला परतावा कागदावर छान दिसतो. म्हणून एजंट जेव्हा गेल्या वर्षाचा आकडा दाखवतो, तेव्हा विचारायचं की त्या वर्षी दर वर जात होते की खाली येत होते. दर खाली आल्यामुळं मिळालेला फायदा पुढच्या वर्षी पुन्हा मिळत नाही.

तेच सरकार, दोन दर

आता जी गोष्ट सांगते ती एजंट सहसा सांगत नाही.

भारत सरकार पोस्टातून आपल्याकडून उसने घेतं आणि बाजारात मोठ्या बँका, विमा कंपन्या, फंड यांच्याकडूनही घेतं. २०२५ च्या दुसऱ्या सहामाहीत बाजारात दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर साधारण साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं. त्याच वेळी पोस्टात एनएससीवर ७.७ टक्के होते. म्हणजे तेच सरकार, तीच हमी, पण आपल्या पोस्टातल्या खिडकीवर एक टक्क्याहून जास्त दर.

आता विचार करा. फंडवाला सरकारी रोखा घेणार साडेसहाचा. त्यातून तो आपला खर्च आणि एजंटचं कमिशन काढणार. उरलेलं तुम्हाला. मग ७.७ च्या वर तो तुम्हाला कसा देईल? दोनच वाटा आहेत. दर आणखी खाली येतील या आशेवर लांब मुदतीचे रोखे घ्यायचे, नाहीतर सरकारपेक्षा कच्च्या कंपन्यांना जास्त व्याजानं पैसे द्यायचे. दोन्ही वाटांवर जोखीम आहे, आणि ती तुमच्या पैशावर घेतलेली असते.

आकडा मांडून बघू. फंडातल्या रोख्यांवर वर्षाला ७.२ टक्के मिळाले आणि त्यातून ०.८ टक्के खर्च गेला, तर तुमच्याकडं ६.४ टक्के राहतात. एक लाखाचे पाच वर्षांनी होतात सुमारे १,३६,३६७. एनएससीचे १,४४,९०३. फरक साडेआठ हजारांचा. तोही फंडात काही वाईट घडलं नाही, असं धरून.

पण हे नेहमीच असं असतं असं समजू नका. पोस्टाचे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं आणि ते बाजारासोबत लगेच हलत नाहीत. एप्रिल २०२० पासून डिसेंबर २०२२ अखेरपर्यंत एनएससीचा दर ६.८ टक्क्यांवरच होता. त्यातल्या शेवटच्या काही महिन्यांत बाजारातला सरकारी रोखा सात टक्क्यांच्या वर गेला होता. तेव्हा पोस्टाचा दर मागं होता. म्हणून ‘पोस्टच नेहमी चांगलं’ असं पाठ करू नका. ज्या दिवशी पैसे टाकायचे त्या दिवशी दोन आकडे विचारा : पोस्टाचा या तिमाहीचा दर, आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर. दुसरा आकडा पेपरात, मोबाइलवर मिळतो. पोस्टाचा दर वर असेल तर सुरक्षित पैशासाठी डेट फंडाचं कारण फारसं उरत नाही.

कराचंही सांगते. पूर्वी डेट फंड तीन वर्षं ठेवला तर करात मोठी सवलत मिळायची. शहरातले नोकरदार त्यासाठीच फंड घ्यायचे. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांना ती सवलत राहिली नाही. आता नफा सरळ उत्पन्नात धरला जातो, कितीही वर्षं ठेवला तरी. आपल्यातल्या बहुतेकींचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असतं, त्यामुळं दोन्हीकडं फरक पडत नाही. कुणी ‘टॅक्स वाचतो’ म्हणून डेट फंड विकत असेल, तर तो जुनी गोष्ट सांगतोय.

फंडाचं दार बंद झालं तेव्हा

डेट फंडाची सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाहिजे तेव्हा पैसे काढता येतात. अर्ज केला की एक-दोन कामाच्या दिवसांत पैसे बँक खात्यात येतात. एनएससीला ही सोय नाही. पण या सोयीलाही मर्यादा आहे.

२३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या मोठ्या, जुन्या फंड कंपनीनं आपल्या सहा डेट योजना एकाएकी बंद केल्या. त्यात सुमारे पंचवीस हजार कोटी रुपये होते आणि तीन लाखांहून जास्त लोकांचे पैसे होते. सहांपैकी एकीच्या नावात ‘अल्ट्रा शॉर्ट’ होतं, एकीच्या नावात ‘लो ड्युरेशन’. म्हणजे नाव वाचून वाटावं, की थोड्या मुदतीचं, जोखीम नसलेलं.

झालं असं, की जास्त व्याज मिळावं म्हणून या योजनांनी बऱ्याच कमी दर्जाच्या कंपन्यांना पैसे दिले होते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. घाबरून लोक पैसे काढायला लागले. पैसे द्यायचे तर रोखे विकायला हवेत, पण अशा रोख्यांना त्या वेळी बाजारात गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणून कंपनीनं पैसे काढणंच बंद केलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये पहिला हप्ता वाटला गेला, ९,१२२ कोटींचा. पुढं रोखे विकत विकत हप्त्यांनी पैसे येत राहिले आणि शेवटी बंद झाल्या दिवशीच्या किमतीपेक्षा जास्तच रक्कम लोकांना मिळाली.

म्हणजे पैसे बुडाले नाहीत. ही बाजूही सांगितली पाहिजे. पण ज्या बाईला जून २०२० मध्ये मुलीची फी भरायची होती, तिला फेब्रुवारी २०२१ चा काय उपयोग? ती दारोदार उसने मागत फिरणार, नाहीतर दागिने गहाण ठेवणार. ठरलेल्या कामाच्या पैशाचं हेच असतं. तो किती मिळतो यापेक्षा कधी मिळतो हे जास्त महत्त्वाचं. एनएससीची तारीख आधीपासून ठरलेली असते.

असा फंड ओळखायचा कसा? प्रत्येक फंड दर महिन्याला एक माहितीपत्रक काढतो. त्यात पैसे कुणाकुणाला दिलेत याची यादी असते आणि प्रत्येकापुढं दर्जा लिहिलेला असतो. सरकारी रोख्यापुढं ‘सॉव्हरिन’ असतं, चांगल्या कंपनीपुढं ‘एएए’. नुसतं ‘एए’ किंवा त्याखालचं ‘ए’ बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर समजायचं की जास्त व्याजासाठी कच्ची बाजू घेतली आहे. एजंटला सांगायचं, हे पत्रक छापून आणा आणि माझ्यासमोर वाचा. आणखी एक खूण म्हणजे त्याच प्रकारच्या दुसऱ्या फंडांपेक्षा एखादा फंड फारच जास्त देत असेल, तर तो जास्तीचा पैसा कुठून येतो हे विचारल्याशिवाय सही करायची नाही.

पोस्टातही चुका होतात

पोस्टाच्या बाजूनं एवढं बोलले म्हणून तिथं सगळं आपोआप नीट होतं असं नाही.

एनएससी मधे मोडता येत नाही. खातेदार वारला किंवा कोर्टाचा हुकूम झाला तरच मोडते. घरात दवाखाना निघाला म्हणून पोस्ट पैसे देणार नाही. बँकेत ती तारण ठेवून कर्ज काढता येतं, पण त्यावर व्याज भरावं लागतं. म्हणून सगळे पैसे एनएससीत अडकवायचे नाहीत.

मुदत संपल्यावर एनएससीचे पैसे त्याच दरानं वाढत नाहीत. पासबुक पेटीत राहून जातं आणि वर्ष-दोन वर्षं पैसे जवळजवळ रिकामे बसतात. तीन वर्षं काढलेच नाहीत तर खातं गोठवतात आणि मग ते पुन्हा चालू करायला कागदपत्रं घेऊन हेलपाटे. घरातल्या दिनदर्शिकेवर मुदतीची तारीख आजच लिहून ठेवा.

वारसाचं नाव लावा. आणि आरडीचे पैसे गोळा करायला एजंट बाई येत असेल, तर पैसे दिले त्याच महिन्यात पासबुकात पोस्टाची नोंद आणि शिक्का बघा. कच्च्या वहीतल्या सहीवर समाधान मानू नका.

एक फरक आणखी. एनएससीचा दर काढतानाच पक्का होतो. पीपीएफ आणि सुकन्या समृद्धीचा दर मात्र खात्यात पैसे असतानाही बदलतो. सरकारनं नवीन दर लावला की तुमच्या जुन्या शिल्लकीलाही तोच लागतो. पीपीएफला २००० सालाच्या आधी बारा टक्के मिळायचे. एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतात. तिथंही मुद्दल कमी होत नाही, सरकारची हमी आहे. पण पंधरा वर्षांनी नेमके किती मिळतील, हे आज कुणी सांगू शकत नाही.

एक हिशोब पूर्ण करून बघू

समजा आपल्यातल्या एका ताईनं मार्च २०२४ मध्ये दोन लाखांचं महिला सन्मान पत्र काढलं. मार्च २०२६ मध्ये तिच्या हातात २,३२,०४४ येतात. मुलगी सातवीत आहे. म्हणजे २०३१ च्या जूनमध्ये तिचा बारावीनंतरचा प्रवेश. घराच्या मागच्या खोलीवर कधीतरी स्लॅब टाकायचाय, पण कधी ते ऊसबिलावर अवलंबून. आणि अचानक काही निघालं तर हाताशी थोडे पैसे हवेत.

पहिलं काम, प्रवेश. तारीख ठरलेली, रक्कम साधारण दीड लाख. मार्च २०२६ मध्ये काढलेली एनएससी मार्च २०३१ मध्ये सुटते, प्रवेशाच्या तीन महिने आधी. ७.७ टक्क्यांनी १,०५,००० चे होतात १,५२,१४८. पण एकच एनएससी काढू नका. ३५,००० च्या तीन काढा. प्रत्येकीचे ५०,७१६ होतात. मधे अडचण आलीच तर एकच तारण ठेवता येईल, तिन्ही अडकणार नाहीत.

दुसरं, अचानकचा खर्च. ४०,००० बचत खात्यात ठेवायचे. व्याज कमी, पण रात्री दवाखान्यात जावं लागलं तर सकाळी एटीएमला जाता येतं. इथं व्याजाचा हिशोब करायचाच नाही.

उरले ८७,०४४. हे स्लॅबचे. तारीख माहीत नाही, सहा महिन्यांत लागतील किंवा दोन वर्षांनी. या एकाच जागी डेट फंडाचा विचार करण्यात अर्थ आहे, आणि तोही ‘लिक्विड फंड’ या प्रकाराचा. त्यात जास्तीत जास्त ९१ दिवसांत परत येणारे रोखे असतात, म्हणून मघाशी सांगितलेली खंडाच्या करारासारखी वजावट नाममात्र राहते. तिथंही दर्जाची यादी बघायचीच.

दुसरा पर्याय पोस्टाची एक वर्षाची मुदत ठेव. २०२५ मध्ये तिचा दर ६.९ टक्के होता. पूर्ण वर्ष राहिली तर उत्तम. पण सहा महिन्यांच्या आत ती मोडता येत नाही, आणि सहा महिन्यांनंतर पण वर्षाच्या आत मोडली तर बचत खात्याचा दर मिळतो, म्हणजे चार टक्के.

समजा स्लॅबचं काम आठ महिन्यांनी निघालं. पोस्टाची ठेव मोडली तर सुमारे २,३२० रुपये व्याज. लिक्विड फंडात सहा टक्क्यांनी मिळालं असं धरलं तर सुमारे ३,४८०. म्हणजे फायदा अकराशे-साडेअकराशे रुपयांचा. आता तुम्हीच ठरवा. मोबाइल नीट हाताळता येतो, केवायसी झालेली आहे, बँक खातं स्वतःच्या नावावर आहे, तर फंड घ्या. मोबाइल मुलाकडं, ओटीपी पुतण्याकडं, असं असेल तर अकराशे रुपयांसाठी ती झंझट नको. आणि वर्षभर पैसे लागणारच नाहीत असं वाटत असेल, तर पोस्टच बरं पडतं.

म्हणजे एकाच बाईच्या सव्वादोन लाखांचे तीन भाग झाले आणि तीन जागी गेले. आधी कामाची तारीख विचारायची, मग रक्कम, आणि योजनेचं नाव सगळ्यात शेवटी. एजंटकडं गेलं की हे उलटं होतं, तिथं योजनेपासूनच सुरुवात होते.

भाषणानंतरचे प्रश्न

*प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्यासाठी एनएससी काढू का?*

दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी आधी सुकन्या समृद्धीचा विचार करा. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, की शिक्षणासाठी निम्म्या रकमेपर्यंत काढता येते. उरलेले खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी सुटतात, किंवा त्याआधी लग्न ठरलं आणि मुलगी अठरा वर्षांची झालेली असेल, तर तेव्हा. दर बदलू शकतो हे लक्षात ठेवा. पण तेवढा दर आणि तेवढी हमी देणारा डेट फंड मी पाहिलेला नाही.

*प्रश्न : गटाच्या नावानं एनएससी काढता येईल का? गटाकडं बँकेत बरीच बचत पडून आहे.*

नाही. एनएससी व्यक्तीच्या नावानं, दोघा-तिघांच्या संयुक्त नावानं किंवा अज्ञान मुलाच्या नावानं निघते, गटाच्या नावानं नाही. आणि गटाचे पैसे अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या वैयक्तिक नावावर टाकायचा विचार तर करूच नका. उद्या काही झालं तर ते पैसे कायद्यानं तिच्या वारसाकडं जायचे आणि गटात भांडण लागायचं. गटाचे पैसे गटाच्या बँक खात्यात, ठराव करून बँकेच्या मुदत ठेवीत.

*प्रश्न : आमच्याकडची एक पतसंस्था दहा टक्के देते. मग पोस्टाचे ७.७ कशाला घ्यायचे?*

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँक असली तरी आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. पोस्टातल्या पैशामागं स्वतः सरकार आहे. फंडामागं विमाही नाही आणि सरकारही नाही, पण त्यातले रोखे कुणाचे आहेत ते दर महिन्याला बघता तरी येतं. पतसंस्थेनं कर्ज कुणाला दिलंय ते तुम्हाला दिसतं का? आज आपण ज्या पैशाबद्दल बोललो, लेकीच्या फीच्या पैशाबद्दल, तो तिथं ठेवू नका. जास्तीचे दोन टक्के मोजायच्या आधी मुद्दल कुणाच्या हातात देतोय ते बघा.